‘३६ टक्के’ म्हणजे कितीवरून किती? आरोग्य पुरवण्यांच्या संपादकांना खुले पत्र

संपादक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी माझी मोठी बहीण एक कात्रण घेऊन आली. एका नव्या औषधामुळे एका आजाराचा धोका निम्म्याने कमी होतो, असा त्या बातमीचा मथळा होता. तिने चष्मा काढत मला विचारलं, “निम्म्याने म्हणजे कितीवरून किती रे?” मी बातमी दोनदा वाचली. चाचणी कुठे झाली ते होतं, कंपनीच्या अधिकाऱ्याचा आनंद होता, औषधाचा शोध कसा लागला तेही होतं. कितीवरून किती, एवढं मात्र कुठेच नव्हतं. मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं, तरी त्या मजकुरावरून मला तिला उत्तर देता आलं नाही. तिचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचं उत्तर तिच्यासमोर ठेवणं तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

मी एकच जुनं उदाहरण घेतो आणि ते शेवटपर्यंत उलगडतो. अॅटोरव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध. अमेरिकेत त्याची जाहिरात बरीच वर्षं झळकत होती. मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं की हे औषध हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ३६ टक्क्यांनी कमी करतं. त्या ३६ टक्क्यांना एक फुली जोडलेली होती आणि फुलीचा खुलासा बारीक अक्षरांत होता: एका मोठ्या चाचणीत साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांना झटका आला, औषध घेणाऱ्यांपैकी २ टक्के लोकांना.

दोन्ही वाक्यं खरी आहेत. दोन्ही एकाच चाचणीतून आलेली आहेत. पण पहिलं वाक्य वाचणाऱ्याच्या मनात कोणतं चित्र उभं राहतं? मी विद्यार्थ्यांना हे अनेकदा विचारलं आहे. बहुतेकांना वाटतं की शंभर जणांनी औषध घेतलं तर त्यातले छत्तीस वाचतात. खरं चित्र असं आहे. शंभर जण साखरेची गोळी घेतात, तीन जणांना झटका येतो. तशाच शंभर जणांना औषध दिलं, तर दोघांना येतो. म्हणजे औषध घेणाऱ्या शंभरांपैकी सत्त्याण्णव जणांना औषध नसतं तरी झटका आला नसता, दोघांना औषध घेऊनही आला, आणि एक जण वाचला. तीनातला एक गेला, म्हणजे साधारण एक तृतीयांश, आणि नेमक्या आकड्यांनी मोजलं की ‘३६ टक्के’. टक्केवारी त्या तिघांची आहे, शंभरांची नव्हे. मोठ्या अक्षरातलं वाक्य एवढीच गोष्ट गाळतं.

आता मूळ चाचणीकडे जाऊ, कारण बातमी लिहिणाऱ्याला खरं काम तिथे करायचं असतं. ही चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. रक्तदाब असलेले, आणि त्याखेरीज हृदयविकाराला पूरक अशा किमान तीन गोष्टी असलेले, ४० ते ७९ वयाचे १०,३०५ लोक तिच्यात होते. ५,१६८ जणांना औषध मिळालं, त्यांपैकी १०० जणांना हृदयविकाराचा झटका आला किंवा त्या विकाराने मृत्यू आला. ५,१३७ जणांना साखरेची गोळी मिळाली, त्यांच्यात हाच आकडा १५४ होता. शोधनिबंधात हे चारही आकडे आहेत, आणि बहुतेक चांगल्या चाचण्यांच्या निबंधांत असतातच. पण त्यांच्याबरोबर ०.६४ असा एक आकडा, म्हणजे दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर, असतो आणि प्रसिद्धिपत्रक लिहिणारा तोच उचलतो. एकातून ०.६४ वजा केले की ०.३६ उरतात, झाला मथळा तयार.

तुमच्या बातमीदाराने ०.६४ कडे न पाहता आधी त्या चार आकड्यांकडे जावं. १०० भागिले ५,१६८, म्हणजे शेकडा १.९. १५४ भागिले ५,१३७, म्हणजे शेकडा ३. वजाबाकी केली तर शेकडा १.१ चा फरक. नेमका भागाकार करून उलट मोजलं, तर साधारण ९४ जणांनी औषध घ्यावं तेव्हा त्यांच्यातल्या एकाचा झटका टळतो. आणि हे किती काळात? इथे सरासरी तीन वर्षं आणि वर थोडे महिने. कालावधी लिहिला नाही तर शेकडा १.१ या आकड्यालाही अर्थ उरत नाही. याच चाचणीत मुळात पाच वर्षं पाहायचं ठरलं होतं. फायदा स्पष्ट दिसू लागल्यावर ती आधीच थांबवली. अशी मध्येच थांबवलेली चाचणी फायदा खऱ्यापेक्षा थोडा मोठा दाखवण्याची शक्यता असते, कारण आकडे जेव्हा अनुकूल बाजूला झुकलेले असतात नेमक्या त्याच क्षणी मोजणी बंद होते. सारांशात ‘चाचणी मुदतीआधी थांबवली’ असे शब्द दिसले, तर ते बातमीत यायला हवेत.

मृत्यूंचा आकडाही त्याच शोधनिबंधात आहे. औषधाच्या गटात १८५ मृत्यू, दुसऱ्या गटात २१२. गुणोत्तर ०.८७. उत्साही माणूस यावरून लगेच ‘मृत्यूंत १३ टक्के घट’ असा मथळा करेल. पण त्या ०.८७ च्या पुढे एक पल्ला दिलेला आहे, ०.७१ ते १.०६. खरा आकडा या पल्ल्यात कुठेतरी असण्याचा संभव आहे, एवढंच तो सांगतो. एक म्हणजे काहीही फरक नाही. पल्ला एकाच्या पलीकडे गेला, म्हणजे मृत्यू कमी झाले की नाही हे या चाचणीतून ठरत नाही. झटक्यांच्या बाबतीत फरक पक्का होता, मृत्यूंच्या बाबतीत नव्हता. ‘झटका टळतो’ आणि ‘जीव वाचतो’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि तुमच्या पुरवण्यांत ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेली मी पाहतो. आणखी एक गोष्ट. या चाचणीत स्त्रिया पाचांत एकीपेक्षाही कमी होत्या. औषध घेणाऱ्या स्त्रियांत १९ जणींना झटका आला, न घेणाऱ्यांत १७ जणींना. इतक्या थोड्या संख्येवरून स्त्रियांना उपयोग होत नाही असं म्हणणं चूक ठरेल. पण ‘सर्वांना ३६ टक्के फायदा’ असं म्हणायलाही या चाचणीत आधार नाही.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, आणि मला तोंडावर म्हटलंही गेलं आहे, की सर, असे आकडे छापले तर लोक औषधं बंद करतील. ही भीती मी हलक्यात घेत नाही. मनाने औषध बंद करून त्रासात पडलेली माणसं मीही पाहिली आहेत. पण या भीतीचं उत्तर आकडे लपवण्यात नाही, हे दाखवण्यासाठी त्याच जातीच्या औषधाची दुसरी चाचणी घेतो.

१९९४ साली स्कँडिनेव्हियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. औषध सिम्व्हास्टॅटिन, लोक ४,४४४. फरक हा की या सर्वांना आधीच हृदयविकार झालेला होता. कुणाला झटका येऊन गेलेला, कुणाला चालताना छातीत दुखण्याचा त्रास. साधारण साडेपाच वर्षांत साखरेच्या गोळीच्या गटातल्या २,२२३ पैकी २५६ जण वारले, औषधाच्या गटातल्या २,२२१ पैकी १८२. शेकडा ११.५ वरून ८.२. टक्केवारीच्या भाषेत ही घट ‘३० टक्के’ होते, म्हणजे आधीच्या ३६ पेक्षा कमी. दोन जाहिराती शेजारी ठेवल्या तर वाचक ३६ वाल्या औषधाला जास्त गुणकारी समजेल. प्रत्यक्षात इथे दर शंभरांत तीनाहून अधिक माणसं वाचली, आणि ती मृत्यूपासून वाचली. इथे मुदत मोठी होती हे खरं, म्हणून दर वर्षाला भागून पाहिलं तरी दुसऱ्या चाचणीतला फरक पहिलीच्या जवळपास दुप्पट येतो.

हे लक्षात आलं की ‘आकडे छापले तर लोक घाबरतील’ हा मुद्दा फिरतो. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे त्याने औषध का सोडू नये, हे सांगणारा सर्वांत पटणारा पुरावा याच शेकड्याच्या हिशेबात आहे, ‘३० टक्क्यां’त नाही. आणि ज्याचा मूळ धोकाच अगदी कमी आहे, त्याला डॉक्टरांशी बोलून ठरवण्याची मोकळीक आहे हेही त्याच हिशेबातून कळतं. समजा कुणाचा मूळ धोका शेकडा ९ आहे; एक तृतीयांश घट म्हणजे ९ चे ६, शंभरांत तिघे वाचले. दुसऱ्याचा मूळ धोका हजारात ६ आहे. तीच एक तृतीयांश घट म्हणजे ६ चे ४, हजारात दोघे. औषध तेच, टक्केवारी तीच, आणि फायद्यात पंधरापट अंतर. म्हणून मूळ धोका माहीत नसताना नुसती टक्केवारी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, फक्त काहीतरी कळल्यासारखं वाटतं.

टक्केवारीचं हे शस्त्र उलट्या बाजूनेही चालतं आणि तिथे माध्यमांचा हात जास्त असतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवलं की काही नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या मानाने दुप्पट होतो. बातम्या दुप्पटीच्याच आल्या. दुप्पट म्हणजे किती? सात हजार बायकांत एकीऐवजी दोघींना. पण कितीवरून किती हे ज्यांच्यापर्यंत पोचलं नाही अशा अनेकींनी धास्तीने गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज नंतर मांडला गेला. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो, म्हणजे ज्या भीतीने गोळी सोडली तीच भीती वाढवून घेतली गेली. त्या बातम्यांत खोटा शब्द नव्हता. एक आकडा नव्हता.

आता जाहिरातींतली जी खोड मला सर्वांत जास्त खटकते तिच्याकडे येतो. फायदा एका मापाने मोजायचा आणि त्रास दुसऱ्या मापाने. हे ओळखायला मी एक कल्पित औषध मांडतो. आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी. हे औषध पक्षाघाताचं प्रमाण हजारात १२ वरून ८ वर आणतं, आणि पोटातल्या रक्तस्रावाचं प्रमाण हजारात ६ वरून १० वर नेतं. दोन्हीकडे फरक चारच माणसांचा आहे. पण पत्रकात लिहिलेलं असेल: पक्षाघाताचा धोका ३३ टक्क्यांनी घटला, रक्तस्रावात हजारी केवळ ४ इतकी किरकोळ वाढ आढळली. फायद्याला टक्के, त्रासाला माणसं. हेच उलटून लिहा: पक्षाघातात हजारी ४ ची किरकोळ घट, रक्तस्रावात ६७ टक्के वाढ. ते औषध कुणी घेईल का? दोन्ही वाक्यं त्याच चार आकड्यांतून निघतात. तुमच्या टेबलावर येणाऱ्या पत्रकात टक्के कुठे आहेत आणि माणसं कुठे, याच्याभोवती पेन्सिलने गोल करून पाहा. दोन बाजूंना दोन मापं दिसली की मजकूर थांबवा आणि दोन्हीकडचे मूळ आकडे मागा. पक्षाघात आणि रक्तस्राव सारखे गंभीर आहेत का, हा पुढचा प्रश्न. तो डॉक्टर आणि रुग्ण मिळून सोडवतील, पण आधी दोन्ही पारडी एकाच तराजूची हवीत.

काही जाहिरातींत मात्र हा हिशेब मांडताच येत नाही, कारण त्यांत माणसं नसतातच. कोलेस्टेरॉल इतकं उतरलं, हाडांची घनता इतकी वाढली, अमुक पेशी इतक्या वाढल्या. ही मोजमापं उपयोगी असतात, पण ती आजाराची सावली आहेत. सावली लहान झाली म्हणजे माणूस वाचला असं धरून चालल्याने काय झालं, ते सांगायलाच हवं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांत हृदयाचे चुकार ठोके पडत असतील तर मृत्यूचा धोका जास्त असतो, हे माहीत होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं असे ठोके छान आटोक्यात आणत. म्हणून ती जीव वाचवतील असं मानून अनेकांना दिली जात होती. शेवटी एका चाचणीत ठोके सोडून माणसं मोजली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण वारले, साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. पाहणीचा काळ सरासरी दहा महिन्यांचा. ज्या रुग्णांत औषधाने ठोके सुधारल्याचं आधी तपासून घेतलं होतं, त्याच रुग्णांत हे घडलं. तेव्हा दाव्यात नुसतं मोजमाप असेल, तर बातमीत स्पष्ट लिहा की माणसांचा आजार किंवा मृत्यू यावर काय परिणाम होतो हे या चाचणीत पाहिलेलं नाही.

तुमच्याकडे जागा कमी असते आणि वेळ त्याहून कमी, हे मी जाणतो. मी नवा स्तंभ मागत नाही. कुठल्याही औषधाच्या बातमीत मला पाच गोष्टी हव्या आहेत: औषध न घेणाऱ्या शंभर किंवा हजार जणांत किती, घेणाऱ्यांत किती, किती काळात, ते लोक कोण होते, आणि त्रासाचे आकडे त्याच मापात. हे आकडे पत्रकात नसतील तर शोधनिबंधाच्या सारांशात पाहावेत. तिथेही नसतील, तर ‘आकडे उपलब्ध करून दिलेले नाहीत’ असं छापावं. आणि जाहिरात घेताना फुलीचा खुलासा मथळ्याच्या लगत, वाचता येईल अशा अक्षरांत द्यायला सांगावं. मोठ्या अक्षरात छापायचं ते वाक्य आणि बारीक अक्षरात छापायचं ते वाक्य यांची अदलाबदल केली तरी जाहिरात खरीच राहते, हे विक्री विभागाला सांगून पाहा.

शब्द जास्त लागतात का, हे मी स्वतः करून पाहिलं. सुरुवातीची ती जाहिरात मी बातमी म्हणून लिहिली तर अशी होईल: “रक्तदाब आणि आणखी तीन तरी धोके असलेल्या, पण बहुतांशी पुरुष असलेल्या लोकांनी सुमारे तीन वर्षं हे औषध घेतलं, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण शंभरांत ३ वरून २ वर आलं. मृत्यू कमी झाले की नाही हे या चाचणीतून निश्चित झालं नाही. चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली होती. औषध सुरू असलेल्यांनी ते स्वतःहून बंद करू नये. आपला मूळ धोका शंभरांत किती, हे डॉक्टरांना विचारावं.”

पाच वाक्यं झाली. त्रासाचे आकडे त्याच मापात घातले की सहावं. बहिणीला मी ही वाचून दाखवली तेव्हा तिने पुढचा प्रश्न विचारला, “मग माझा शंभरांत किती?” तो प्रश्न घेऊन ती आता तिच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. तिच्याजवळचं ते कात्रण मी या पत्रासोबत पाठवत नाही, कारण ते कुठल्या एका वर्तमानपत्राचं आहे हा मुद्दा नाही. पण तुमच्या येत्या पुरवणीतली औषधाची पहिली बातमी छापायला जाण्याआधी तिच्यात ‘कितीवरून किती’ आहे का, एवढं पाहावं ही कळकळीची विनंती.

आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक